गोलाईचे एक जलरंगचित्र



आज मला एका चित्राविषयी बोलायचे आहे, आणि अडचण अशी की ते चित्र तुमच्यापुढे नाही. नभोवाणीवरून गाणे ऐकवता येते, नाटकही ऐकवता येते, पण चित्र काही ऐकवता येत नाही. तेव्हा प्रथम ते शब्दांनी तुमच्यापुढे उभे करतो आणि मग त्यात काय साधले, काय फसले, आणि फसले ते सुधारायला काढणाऱ्याने पुढे कशाचा सराव करावा, हे सांगतो.

चित्र आहे लातूरच्या गंजगोलाईचे. ज्यांनी गोलाई पाहिली आहे त्यांना वर्णन नको; पण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने या बाजारपेठेची आखणी केली आणि १९१७ साली मधली दुमजली गोलाकार इमारत उभी राहिली. आत मधोमध अंबाबाईचे मंदिर, भोवती ही इमारत, आणि तिच्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेले सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक माल. कुठे सोने, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ.

आमच्या चित्रकाराने पंधरा इंच रुंद आणि अकरा इंच उंच अशा आडव्या कागदावर ही गोलाई काढली आहे. समोरच्या एका दुकानाच्या ओट्यावरून मोबाइलवर फोटो घेतला आणि घरी बसून त्यावरून चित्र रंगवले. चित्राच्या बरोबर मध्यावर इमारत, तिच्या बरोबर मध्यावर मंदिराचा कळस. डावीकडे एक रस्ता, उजवीकडे एक रस्ता. पुढे रिकामी सडक, तीवर दोन रिक्षा. डाव्या कोपऱ्यात एक निळे ताडपत्रीचे पाल, त्याखाली लाल मिरच्यांचा ढीग आणि एक बाई बसलेली. वर निळेभोर आकाश. सारे काही आहे. एकही खिडकी सुटलेली नाही.

हे चित्रकार व्यवसायाने चित्रकार नव्हेत. उभा जन्म त्यांनी एका आडत दुकानात मुनिमी केली. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, तेवढेच शिक्षण. काम सुटल्यावर रंगपेटी पुन्हा उघडली आणि दोन वर्षांत साठएक चित्रे काढली. हे चित्र घेऊन आले तेव्हा म्हणाले, "घरी सगळे छान म्हणतात, सर. पण खरी गोलाई पाहून आलो की माझं चित्र मेल्यासारखं दिसतं. कशानं मेलंय, तेवढं सांगा. नाहीतर हा नाद आता पुरे."

प्रश्न नेमका होता, म्हणून उत्तरही नेमके द्यावे असे मला वाटले.

आधी मांडणी पाहू. हे चित्र पाहताना डोळा पहिल्यांदा कळसावर जातो, कारण तो बरोबर मध्यरेषेवर आहे. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून तो खाली येतो. मग डाव्या रस्त्याच्या कडा त्याला ओढून कागदाबाहेर नेतात. परत आला की उजव्या रस्त्याच्या कडा दुसऱ्या बाजूने बाहेर नेतात. रस्त्याच्या रेषा म्हणजे बाणच असतात. त्या जिकडे धावतात तिकडे नजर धावते. शहर आखताना फैयाजुद्दीन यांना माणसे सोळा दिशांना पांगवायची होती आणि ती त्यांनी उत्तम पांगवली. चित्रकाराला मात्र नजर गोळा करायची असते. गोलाई सगळीच्या सगळी दाखवायची म्हटली की तो नकाशा होतो, आणि हे चित्र अर्धे नकाशाच झाले आहे.

यावर उपाय फार जुना आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापायचे, इंग्रजी एल अक्षरासारखे. ते चित्रावर समोरासमोर ठेवले की मध्ये एक चौकट तयार होते. ती लहानमोठी करीत, आडवी-उभी करीत चित्रभर फिरवायची आणि कुठे थांबावेसे वाटते ते पाहायचे. मुनीमजींच्या चित्रावर मी ती फिरवली. मधोमध काही जमेना, उजवीकडे काही जमेना. डाव्या कोपऱ्यात आलो आणि चौकट थांबली. सुमारे सात इंच रुंद, नऊ इंच उंच, अशी उभी चौकट. तिच्यात आले निळे पाल, त्याखालची सावली, मिरचीचा ढीग, ती बाई, आणि पालाच्या मागे उन्हात असलेल्या इमारतीच्या भिंतीचा वाक. कळस नाही, दोन्ही रस्ते नाहीत, रिक्षाही नाहीत. आणि तरी गोलाई ओळखू येते, कारण तो भिंतीचा वाक लातुरात दुसरीकडे कुठे नाही.

मुनीमजी क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, "पण हे तर मी भरायचं म्हणून भरलं होतं." मी म्हटले, म्हणूनच ते चांगले झाले आहे. उन्हाळ्यात हिशेबाच्या वह्या घेऊन दुकानांतून हिंडताना पालाखालची सावली म्हणजे काय असते हे त्यांच्या अंगाला ठाऊक आहे. इमारत त्यांनी फोटोवरून काढली, सावली आठवणीतून काढली.

मांडणीच्या पोटातच एक रेखाटनाची गोष्ट आहे, ती इथेच सांगून टाकतो, कारण गोल इमारत काढणारे दहांतले आठ जण इथे घसरतात. मुनीमजींनी गच्चीच्या कठड्याची रेषा कमानीसारखी वर वाकवली आहे. ते बरोबर. पण मधल्या मजल्याची रेषाही तेवढीच वाकवली आणि जमिनीला टेकणारी तळाची रेषाही तशीच वर वाकवली. परिणाम असा की इमारत टेकाडावर बांधल्यासारखी दिसते.

याचा नियम घरातल्या डब्यावर समजतो. स्टीलचा एक उभा डबा घ्या आणि डोळ्यासमोर धरा. डब्याची जी कड नेमकी डोळ्याच्या उंचीवर असेल ती सरळ रेषा दिसेल. डबा वर उचलला की कडेचा समोरचा भाग कमानीसारखा वर फुगतो. डबा खाली नेला की तीच कड पाळण्यासारखी खाली झुकते. डोळ्याच्या पातळीपासून जितके दूर, तितका वाक जास्त. आता ओट्यावर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून सात-आठ फूट उंच असतो. म्हणजे इमारतीची त्या उंचीवरची रेषा जवळजवळ सरळ हवी, तिच्यावरच्या रेषा क्रमाने अधिकाधिक वर फुगायला हव्यात, आणि जमिनीची रेषा, थोडीशी का होईना, खाली झुकायला हवी. एवढे केले की इमारत जमिनीवर येऊन बसते. फोटोवरून छापून घेतले तरी ही चूक होते, कारण हात सवयीने सगळ्या रेषा समांतर करू पाहतो.

आता रंगाकडे वळतो. इथेच चित्र मेले आहे.

मुनीमजींची समजूत अशी की आपले रंग फिके पडतात, म्हणून चित्र मरते. त्यामुळे त्यांनी प्रत्येक रंग भरपूर वापरला. आकाश निळेभोर, पाल निळे, मिरची शेंदरी, बाईचे लुगडे हिरवे, रिक्षा काळ्या-पिवळ्या, सडक पिवळ्या मातीच्या रंगाची, भिंत पिवळसर. मी त्यांच्याच मोबाइलवर चित्राचा फोटो काढला आणि त्यातला रंग काढून तो काळापांढरा केला. मुनीमजी तो पाहून गप्पच झाले. मिरची, पाल, लुगडे आणि आकाश हे चारही एकाच राखी रंगाचे दिसत होते. मिरचीचा ढीग कुठे संपतो आणि लुगडे कुठे सुरू होते, कळत नव्हते. भिंत आणि सडक दुसऱ्या एका राखाडीत एकजीव झाली होती. कोरा कागद कुठेच उरला नव्हता. आणि खरा गडदपणा होता तो फक्त खिडक्यांत आणि रिक्षांच्या चाकांत, म्हणजे जिथे त्याची गरज सर्वांत कमी, तिथे ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेला.

रंगाला दोन अंगे असतात. एक त्याची जात, लाल की निळा की हिरवा. दुसरे त्याचे वजन, म्हणजे तो उजेडाकडे किती आणि काळोखाकडे किती झुकला आहे. हौशी माणूस जात पाहतो आणि वजन विसरतो. चित्रातले ऊन मात्र वजनातून येते. मुनीमजींच्या तागडीत सारा माल एकाच वजनाचा पडला होता. मंडईत सगळेच विक्रेते एकदम ओरडू लागले की कोणाचाच भाव ऐकू येत नाही, तसे त्यांच्या लाल-निळ्या-हिरव्याचे झाले.

याला थोडा दोष फोटोचाही आहे. हल्लीचे मोबाइल सावलीतला भाग आपण होऊन उजळ करतात आणि उन्हातला भाग दाबतात, हेतू हा की दोन्हीकडचे सारे दिसावे. पाहायला ते सोयीचे. पण चित्रकाराला जो फरक हवा असतो तोच त्यात पुसला जातो. शिवाय फोटो भर दुपारी घेतलेला. ऊन डोक्यावर असले की गोल भिंतीच्या सगळ्या बाजूंना सारखाच उजेड असतो. म्हणून मुनीमजींची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पिवळसर रंगाची आहे, आणि रेषा वाकलेली असूनही भिंत सपाट वाटते. सकाळी नऊला तिथे उभे राहावे. ऊन पूर्वेकडून तिरपे येते आणि त्याच भिंतीवर उजेडाकडून सावलीकडे हळूहळू, कुठेही न तुटता, उतार होत जातो. गोलपणा त्या उतारात आहे. जलरंगात तो एकाच ओल्या लेपात साधतो: उजेडाच्या बाजूला ब्रशात जवळजवळ नुसते पाणी, आणि सावलीकडे सरकताना दर फटक्याला थोडा थोडा रंग वाढवीत जायचे.

उजेडाचा प्रश्न आला की मुनीमजींनी पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडली आहे. पालाच्या कडेवर, बाईच्या खांद्यावर, रिक्षाच्या काचेवर पांढरे ठिपके दिले आहेत. ते खडूसारखे दिसतात, आणि दिसणारच. जलरंगाचा पातळ थर काचेसारखा असतो. उजेड त्यातून आत जातो, कागदाला लागून परत येतो, आणि म्हणून रंग उजळतो. पांढरा दाट रंग उजेडाला वरच्यावर अडवतो. कागदाच्या पांढऱ्याशेजारी तो नेहमी थंड आणि मेलेलाच दिसतो. तेव्हा जलरंगात उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. जिथे ऊन हवे तिथे पहिल्यापासून कागद कोरा सोडायचा आणि शेजारी गडद आणायचा.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे चित्र पुष्कळांनी छापील रूपात पाहिले असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात आणि तैलरंगातले समजतात. ते रविवर्म्याचेही नाही आणि तैलरंगातलेही नाही. हळदणकरांनी ते जलरंगात केले आहे. दिव्यावर धरलेल्या पंज्याच्या बोटांतून तांबडा उजेड झिरपतो, चेहरा उजळतो, आणि भोवती काळोख. मी मुनीमजींना त्याची छापील प्रत दाखवली आणि एकच करायला सांगितले: भोवतीचा काळोख दोन्ही तळव्यांनी झाकून नुसता चेहरा पाहा. झाकताच चेहऱ्यावरची चमक अर्ध्याहून कमी होते. दिवा तिथे भोवतालच्या काळोखाने पेटवला आहे.

मुनीमजींच्या चित्रात हा काळोख कोणता? पालाखालची सावली. ती त्यांनी काळ्या रंगात पाणी घालून केली आहे, म्हणून ती काजळीसारखी दिसते. काळा वर्ज्य आहे असे मी म्हणत नाही. पण नुसता पाणी घातलेला काळा सावलीला निर्जीव करतो, कारण सावलीतही उजेड असतो. तो आकाशाचा असतो, समोरच्या तापलेल्या सडकेचा असतो, वरच्या पालाचा असतो. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या बाईचे लुगडे हिरवे राहत नाही, ते निळसर होते; आणि मिरचीच्या ढिगाचा पालाखालचा भाग शेंदरी न राहता काळपट जांभळा होतो. हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे, फोटोत ते सापडत नाही.

सावलीसाठी त्यांच्या पेटीतलेच दोन रंग पुरतात: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना, म्हणजे भाजलेल्या विटेसारखा तपकिरी. दोन्ही सारखे घेतले की एक करडा रंग होतो. निळा थोडा जास्त घातला की ती सावली थंड होते, आकाशाकडे तोंड असलेली. तपकिरी जास्त घातला की गरम होते, सडकेजवळची. पाणी कमी ठेवले तर याच दोहोंतून जवळजवळ काळा निघतो, पण तो काजळीचा काळा नसतो. पाटीवर दोन्ही रंग पूर्ण कालवूही नयेत; कागदावर थोडे अर्धवट मिसळू द्यावेत. आणि मुख्य म्हणजे पालाखालची सगळी सावली, बाईचा अर्धा चेहरा, ढिगाचा मागचा भाग, टोपल्या, हे सारे एका सलग लेपात घ्यावे. वस्तूवार वेगवेगळे रंगवू नये. मुनीमजींनी टोपली वेगळी, बाई वेगळी, खांब वेगळा, असे प्रत्येकाला बाह्यरेषेत कोंडले आहे. ही परीक्षेच्या स्थिरचित्राची सवय. सावलीला वस्तूंच्या हद्दी ठाऊक नसतात.

आकाशाबद्दल दोन शब्द. मार्च ते मे या दिवसांत आपल्याकडचे दुपारचे आकाश पुस्तकातल्यासारखे निळे नसते. खाली धुळीने ते मातकट पांढुरके होते, वर कुठे निळा वास लागतो. यलो ऑकरचा अगदी पातळ हात खाली आणि त्यात वरून उतरणारा फिका निळा, एवढे पुरे. आकाशाचा निळा गेला की पालाच्या निळ्याला किंमत येते, आणि मग मिरचीचा लाल हा चित्रात एकटाच मोठ्याने बोलतो. त्या लालाची सावली काढताना त्यात काळा घालू नये. क्रिमसनमध्ये कणभर अल्ट्रामरीन घालावा. उन्हातल्या मिरचीला मात्र शेंदरी, आणि मध्ये दोन-तीन जागी कोरा कागद. वाळलेल्या मिरचीची साल चमकते, हे विसरू नये.

आकाशात आणखी एक गोष्ट झाली आहे. दोन जागी कोबीच्या फुलासारखे डाग पडले आहेत. मुनीमजींना वाटले कागद खराब. कागद थोडा खराब होताच. पातळ कार्ट्रिज होता, पाणी लागताच त्याला वळ्या पडल्या आणि खळग्यांत पाणी साचले. पण डाग पडले ते दुसऱ्या कारणाने. लेप अर्धवट वाळला असताना त्यांनी त्यात पुन्हा ओला ब्रश घातला. नवे पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत बाहेर नेते आणि कडेला सोडते. त्याचे ते फूल. लेप कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखायला कागद उजेडाकडे तिरपा धरावा. लखलखीत चमक असेल तर लेप ओला आहे, अजून काम करता येईल. चमक गेली पण बोटांची मागची बाजू लावल्यावर कागद गार लागला, तर तो धोक्याचा काळ. हात मागे घ्यावा. गारवाही गेला म्हणजे लेप पूर्ण वाळला, वर दुसरा हात देता येतो.

पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ओल्यावर ओले काम करण्याचे जे सांगितलेले असते ते आपल्या उन्हाळ्यात जसेच्या तसे होत नाही. तिकडे जो लेप दहा मिनिटे ओला राहतो तो आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली पाहता पाहता उडतो. तेव्हा पंखा बंद करावा. सकाळी लवकर बसावे. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर बसवावा. लेपाला लागणारा रंग आधीच वाटीत भरपूर कालवून ठेवावा, कारण मध्येच कालवायला थांबले की तेवढ्यात कड वाळते. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तर वाळणे थोडे लांबते; जास्त टाकले तर कागद दिवसभर चिकट राहतो. आणि पाण्याची भांडी दोन ठेवावीत, एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला. ज्या गावाने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले त्या गावात चित्रासाठी दोन भांडी पाणी मागताना जीभ अडखळते हे खरे; पण दोन पेले पुरतात, बादली लागत नाही. मुनीमजींचे एकच भांडे होते आणि त्यात चौथ्या रंगानंतर नुसते करडे पाणी होते. त्यांच्या भिंतीचा पिवळा मळकट दिसतो तो त्यामुळे.

आता पुढे कशाचा सराव करावा? मुनीमजींचा बेत नवे चोवीस रंग घेण्याचा होता आणि झाडांची पाने शिकण्याचा होता. दोन्ही बेत मी मोडून काढले. रंग उलट कमी करायचे. पहिले पंधरा दिवस एकच रंग घ्यायचा, बर्न्ट अंबर किंवा सेपिया. कागद पोस्टकार्डाएवढा. चित्राला वीस मिनिटे, घड्याळ लावून. पहाडासारखी इमारत असो की मिरचीचे पाल, फक्त तीन वजने वापरायची: कोरा कागद, मधला, आणि गडद. मधला रंग कोऱ्या चहाइतका पातळ कालवायचा, गडद रंग मधाइतका घट्ट. आधी पेन्सिलीने फक्त तीन आकारांच्या हद्दी आखायच्या, वस्तूंच्या नव्हे. मग कोरा ठेवायचा भाग सोडून बाकी सगळ्या कागदावर मधला हात द्यायचा. तो वाळू द्यायचा. मग गडद आकार, एकदाच. परत हात लावायचा नाही. खिडक्या काढायच्या नाहीत.

रोज एक, याप्रमाणे पंधरा. जागा मात्र एकच ठेवायची, तो डावा कोपरा, आणि वेळ बदलायची: सकाळी आठ, नऊ, दहा, संध्याकाळी पाच. दर दोन दिवसांनी सगळी कार्डे भिंतीला लावून दहा पावले मागे जायचे. ज्या कार्डावर दहा पावलांवरूनही ऊन कुठे आहे ते कळते ते ठेवायचे, बाकीची पलटून त्यांच्या पाठीवर पुढची काढायची. मुनीमजींना मी वेगळे काही सांगितले नाही. म्हटले, रोजकीर्द लिहिता तशी लिहा, कार्डामागे तारीख आणि वेळ. ते काम त्यांच्या हाताला माहीत आहे.

पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी सात कार्डे आणली. पहिल्या चारांत तिसरे वजन भ्यालेले होते. गडद म्हणून जो रंग दिला तो मधल्याहून जेमतेम गडद. हे सगळ्यांचे होते, कारण जलरंग वाळल्यावर ओला दिसला त्याहून फिका होतो, आणि नवशिक्या ओल्याचाच हिशेब धरतो. पाचव्यात त्यांनी रंग घट्ट घेतला, पण पालाच्या कडेचा कोरा कागदही भरून टाकला. सहावे आणि सातवे नऊच्या सुमाराचे. सातव्यात पालाखाली एक सलग गडद आकार आहे, त्यातून बाईचा एक खांदा आणि ढिगाची एक बाजू कोऱ्या कागदाची राहिली आहे, आणि मागे भिंतीचा तो उतार, थोडा खरबरीत पण तुटलेला नाही. बाईला डोळे नाहीत, नाक नाही. तरी ती बसली आहे, आणि तिच्या पाठीवर ऊन आहे. तपकिरी रंगाखेरीज त्यात काही नाही.

पुढचे पंधरा दिवस दोन रंग, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना. तीच जागा, तीच तीन वजने, पण आता सावली कुठे गार आणि कुठे गरम हे ठरवायचे. महिना झाल्यावर तिसरा रंग, लाल, आणि तो फक्त मिरचीपुरता. पाल निळे दिसायला अल्ट्रामरीन पुरतो, भिंतीला सायनाचे पातळ पाणी पुरते, लुगडे सावलीतच आहे, त्याला हिरव्याची गरज नाही. या तीन रंगांत ते चित्र अकरा बाय पंधराच्या कागदावर, उभे धरून, काढायचे. कागद त्या वेळी मात्र जाड घ्यावा, तीनशे ग्रॅमचा. महाग पडतो, म्हणून तोवर कार्डांवर भागवायचे. बसायची जागा त्याच ओट्यावर, पण दोन पायऱ्या खाली उतरून, म्हणजे डोळा पालाच्या कडेखाली येतो आणि सावलीच्या आत दिसू लागते. वेळ नऊची. साडेदहापर्यंत भिंतीवरचा उतार टिकतो, त्यानंतर ऊन वर चढते आणि भिंत पुन्हा सपाट होते. तेवढ्या दीड तासात जे झाले ते झाले, उरलेले दुसऱ्या दिवशी त्याच वेळी.